रात्रीच्या गोषवाऱ्याची फेररचना: नो-शो, रूम चेंज आणि गल्ल्यातली तफावत

३ जून

हॉटेलचा नाइट ऑडिटर, म्हणजे रात्रपाळीत दिवसाचे हिशेब जुळवणारा माणूस, सकाळच्या मॅनेजरसाठी जो एक पानी गोषवारा ठेवतो, तो नव्याने बांधायचं काम आजपासून सुरू. सध्याच्या कागदावर तीन चौकटी आहेत. वर नो-शो, म्हणजे बुकिंग करून न आलेले पाहुणे, मधे रूम चेंज, खाली कॅशमधली तफावत. प्रत्येक चौकट एकेका रिपोर्टवरून भरता येते, त्यामुळे भरणाऱ्याला ती सोयीची आहे. वाचणाऱ्याची सोय मात्र त्यात पाहिलेली नाही.

मे महिन्यातले गोषवारे पुन्हा वाचून काढले. "नो-शो ४" असं लिहिलेलं असतं, पण त्यातली किती बुकिंग गॅरंटीड, म्हणजे न आल्यास चार्ज लावता येईल अशी, होती, कोणाला चार्ज लावला आणि कोणाचं कार्ड नाकारलं गेलं, ते नसतं. "११८ मधून २०६ मध्ये हलवलं" असतं, पण का, किती वाजता, कोणाच्या परवानगीने, आणि जुनी खोली कोणी जाऊन पाहिली का, ते नसतं. कॅशच्या चौकटीत बहुतेक वेळा एक आकडा आणि "कारण समजलं नाही" एवढंच. काय काय तपासलं ते लिहिलेलं नसल्याने सकाळचा माणूस तीच तपासणी पहिल्यापासून करतो.

यापेक्षा मोठी अडचण चौकटींचीच आहे. क्लार्कच्या हातून रात्री एखादी चूक होते, तेव्हा ती एका चौकटीत मावत नाही. एकच पाहुणा नो-शोच्या यादीत, रूम चेंजच्या यादीत आणि गल्ल्याच्या तफावतीत अशा तीन ठिकाणी उमटू शकतो. तीन चौकटी वाचणाऱ्याला ते तीन वेगळे प्रश्न वाटतात, आणि तिन्ही तीन वेगळ्या माणसांकडे जातात.

म्हणून पहिला ठराव: नवा गोषवारा रिपोर्टप्रमाणे नाही, तर घटनेप्रमाणे लिहायचा. एक पाहुणा, एक परिच्छेद. खोली, बुकिंग आणि पैसा यांचं जे काही झालं असेल ते सगळं त्यातच.

५ जून

लिहिण्याच्या आधी कामाचा क्रम ठरवावा लागला, कारण क्रम चुकला तर चांगला गोषवाराही चुकीचंच सांगतो.

सगळ्यात महत्त्वाची रेघ म्हणजे डे-क्लोज. सिस्टिममधली तारीख पुढे सरकण्याआधी चेक-इन उलटवता येतं, चुकीची नोंद रद्द करता येते, चुकलेली खोली दुरुस्त करता येते. तारीख सरकली की रूमचं भाडं आणि कर प्रत्येक बिलावर चढलेले असतात, दिवसाचे रिपोर्ट निघालेले असतात, आणि त्यानंतरची प्रत्येक दुरुस्ती ही वजावट किंवा समायोजन म्हणून पुढच्या दिवसात दिसते. रात्री दोन वाजता दोन मिनिटांत मिटणारी गोष्ट सकाळी सहीचा कागद मागते.

त्यामुळे क्रम असा ठेवला: आधी हाउसकीपिंगच्या संध्याकाळच्या खोली-तपासणीशी सिस्टिमची तुलना, मग न आलेल्यांची यादी, मग गल्ल्याची मोजणी, आणि या तिन्हींची एकमेकांशी सांगड घातल्यावरच डे-क्लोज. आधी बरेचदा गल्ला डे-क्लोजनंतर, निवांत वेळी मोजला जायचा. ते बंद. गल्ल्यातली तफावत ही बरेचदा चुकीच्या चेक-इनची पहिली खूण असते, आणि ती हाती येईपर्यंत चेक-इन दुरुस्त करण्याची वेळ निघून गेलेली असायची.

न आलेल्या प्रत्येक गॅरंटीड बुकिंगला नो-शो म्हणण्याआधी चार गोष्टी बघायच्या. पहिली, तोच माणूस दुसऱ्या नावाने आत आहे का: आडनाव आधी आणि नाव नंतर, स्पेलिंगमधला फरक, कंपनीत बुकिंग करणाऱ्याचं नाव, सोबत राहणाऱ्या दुसऱ्या पाहुण्याचं नाव. दुसरी, त्याच फोन नंबरवर किंवा त्याच तारखांना दुसरं बुकिंग आहे का. एजंटकडून आलेलं बुकिंग बदललं की कधी कधी जुनं रद्द न होता नवं तयार होतं आणि दोन्ही यादीत राहतात. तिसरी, आज वॉक-इन, म्हणजे बुकिंगशिवाय, आत आलेल्यांची रजिस्ट्रेशन कार्डं. चौथी, बुकिंगवरची टीप: रात्री उशिरा पोहोचणार, पहाटेचं विमान, असं काही लिहिलंय का.

तिसरी पायरी लोक टाळतात, कारण त्यासाठी कागदाची कार्डं हातात घ्यावी लागतात. पण खोट्या नो-शोची सापडण्याची हमखास जागा तीच. ज्याला बुकिंग सापडलं नाही त्या क्लार्कने पाहुण्याला परत पाठवलेलं नसतं. वॉक-इन करून खोली दिलेली असते.

९ जून

रूम चेंजची नोंद कशी असावी, यावर आज काम.

खोली बदलताना पाहुणा, सामान, चावी, बिल आणि खोलीची स्थिती या पाच गोष्टी हलायला हव्यात. सिस्टिममध्ये रूम चेंजचा जो पर्याय असतो तो वापरला की बिल पाहुण्याबरोबर नव्या खोलीत जातं आणि जुनी खोली रिकामी-अस्वच्छ अशी दिसायला लागते. उरलेल्या गोष्टी माणसाने करायच्या असतात, आणि त्या राहतात.

चावीबद्दल एक बाब सगळ्यांना माहीत असायला हवी. नेटवर्कला न जोडलेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या कुलुपांत जुनं कार्ड सिस्टिममधल्या बदलाने रद्द होत नाही. त्या खोलीसाठी नवं कार्ड बनवून ते कुलुपाला लावलं की जुनं बाद होतं, नाहीतर मुदत संपेपर्यंत ते दार उघडत राहतं. म्हणजे खोली बदललेल्या पाहुण्याकडे जुनं कार्ड राहिलं असेल, तर गोषवाऱ्यात "जुनी कार्डं २ पैकी १ परत" असं स्पष्ट लिहायचं, आणि ती खोली पुन्हा देण्याआधी नवं कार्ड त्या दाराला लावून पाहायचं.

रेस्टॉरंटचं बिल ही दुसरी गळकी जागा. पाहुणा सवयीने जुना खोली क्रमांक सांगून सही करतो. ती खोली रिकामी असेल तर बिल अडकतं आणि रात्री सापडतं. पण ती तोपर्यंत दुसऱ्याला दिलेली असेल, तर बिल गुपचूप त्या दुसऱ्याच्या नावावर चढतं आणि सकाळी चेक-आउटच्या रांगेत भांडण होतं. म्हणून रात्री नऊनंतर झालेल्या प्रत्येक रूम चेंजसाठी जुन्या खोलीवर त्यानंतर चढलेली बिलं उघडून नावं ताडून पाहायची. रोज एक-दोनच असतात, फार वेळ लागत नाही.

आणि तिसरी, जिच्यामुळे सगळ्यात जास्त गोंधळ होतो: काही क्लार्क रूम चेंजचा पर्याय वापरतच नाहीत. जुन्या खोलीचं चेक-आउट करतात आणि नव्या खोलीत नव्याने चेक-इन करतात. समोर पाहुणा वैतागून उभा असताना हे जास्त ओळखीचं वाटतं, इतकंच त्याचं कारण. पण चेक-आउट करायला बिल शून्यावर आणावं लागतं, आणि ते शून्यावर आणायला आधी घेतलेला ॲडव्हान्स "परत दिला" असं दाखवावं लागतं. पैसे खरे तर कोणी परत दिलेले नसतात. ते गल्ल्यातच असतात.

हे ओळखायची सोपी खूण: आज आलेला आणि आजच गेलेला, रूमचं भाडं शून्य, बिलावर एक जमा आणि तेवढ्याच रकमेचा एक रिफंड. अशी नोंद दिसली की लगेच त्याच नावाची दुसरी खोली शोधायची.

१२ जून

आज नेमकी अशी एक घटना मिळाली जिच्यावर नवा नमुना पारखून पाहता आला. पूर्ण मांडून ठेवतो, कारण पुढची सगळी चर्चा हिच्याच आधाराने होईल.

रात्री एक वाजता तीन सुट्या गोष्टी समोर होत्या. एक, गॅरंटीड बुकिंगपैकी एक आलेलं नाही. कंपनीने केलेलं, एका रात्रीचं, दर ४,२००, बिल कंपनीच्या खात्यावर. दोन, २१४ मध्ये पाण्याची गळती, म्हणून पाहुण्याला ३०९ मध्ये हलवल्याची तोंडी सूचना, पण सिस्टिममधल्या रूम चेंजच्या यादीत काहीच नाही. तीन, संध्याकाळच्या पाळीचा गल्ला ४,५०० ने जास्त.

गल्ल्याचा हिशेब असा होता. फ्लोट, म्हणजे पाळीच्या सुरुवातीला गल्ल्यात असलेली रक्कम, १०,०००. सिस्टिमप्रमाणे रोख जमा २६,३००. सिस्टिमप्रमाणे रोख रिफंड ४,५००. किरकोळ खर्चाचं पेड-आउट ८००. म्हणजे गल्ल्यात असायला हवे ३१,०००. मोजले तर ३५,५००. क्लार्कने १०,००० फ्लोट पुढच्या पाळीला दिला, २५,५०० पाकिटात सील करून सेफमध्ये टाकले, "जास्त ४,५००" लिहिलं आणि पाळी बंद करून गेला. त्याने आकडा लपवला नाही आणि जास्तीचे पैसे बाजूला काढून ठेवले नाहीत, हे त्याने अगदी बरोबर केलं. त्यामुळेच पुढचा शोध लागू शकला.

पहिली शंका आकड्यांच्या अदलाबदलीची आली. दोन शेजारचे आकडे उलटे टाइप झाले तर फरकाला नेहमी नऊने भाग जातो. ४,५०० ला जातो. ६,१०० ऐवजी १,६०० टाकलं असेल तर नेमका एवढाच फरक पडतो. अर्धा तास त्या शोधात गेला आणि काही मिळालं नाही. नऊने भाग जाणं ही शक्यता दाखवते, पुरावा देत नाही. कोणत्याही नऊ रकमांपैकी साधारण एकीला नऊने भाग योगायोगानेही जातो. यापुढे त्या कसोटीचा क्रम खाली.

त्याआधी बघायला हवा होता तो रिफंड. दिवसभरात रोख रिफंड एकच होता, ४,५०० चा, आणि तफावतही ४,५०० ची. रिफंडच्या नोंदीवर खोली २१४, वेळ १०:३८. पैसे घेतल्याची पाहुण्याची सही नाही. २१४ चं बिल उघडल्यावर चित्र स्पष्ट झालं: ९:४४ ला वॉक-इन चेक-इन, ४,५०० रोख ॲडव्हान्स, १०:३८ ला ४,५०० रोख रिफंड, १०:३९ ला चेक-आउट. भाडं शून्य. १०:४२ ला ३०९ मध्ये त्याच नावाने पुन्हा वॉक-इन चेक-इन, आणि त्या बिलावर ॲडव्हान्स काहीच नाही.

म्हणजे पैसा एकदाच आला आणि गल्ल्यातून हललाच नाही. सिस्टिमला मात्र तो आला आणि गेला असं सांगितलं गेलं. ३०९ वर तो पुन्हा जमा दाखवायचा राहिला.

मग रजिस्ट्रेशन कार्ड काढलं. पाहुण्याने स्वतःच्या हाताने कंपनीचं नाव लिहिलेलं, आणि फोन नंबर न आलेल्या बुकिंगवरच्या नंबराशी जुळणारा. बुकिंग कंपनीतल्या आरक्षण करणाऱ्या व्यक्तीच्या नावावर होतं, म्हणून पावणेदहाला पाहुण्याच्या नावाने शोधल्यावर ते सापडलं नव्हतं. यादीतला नो-शो ३०९ मध्ये झोपलेला होता.

डे-क्लोज व्हायचा होता, त्यामुळे दुरुस्ती तिथल्या तिथे झाली. ३०९ वरचं वॉक-इन चेक-इन उलटवलं. त्या बिलावर एकही नोंद नसल्यामुळे ते शक्य झालं. नोंदी असत्या तर आधी त्या हलवाव्या लागल्या असत्या. कंपनीचं बुकिंग ३०९ ला जोडून त्याचं चेक-इन केलं. भाडं ४,२०० कंपनीच्या बिलावर चढेल अशी व्यवस्था झाली. नो-शोचा चार्ज लावला नाही. ४,५०० ची रोख जमा ३०९ मधल्या पाहुण्याच्या वैयक्तिक बिलावर दाखवली.

शेवटच्या पायरीत एक पेच आहे. संध्याकाळच्या क्लार्कची पाळी बंद झालेली, आणि दुसऱ्याच्या लॉगिनवर नोंद करायची नाही हा नियम मोडायचा नाही. म्हणून जमा रात्रपाळीच्या लॉगिनवर झाली. पण ते पैसे रात्रपाळीच्या गल्ल्यात नाहीत, ते सेफमधल्या सील पाकिटात आहेत. परिणामी रात्रपाळीचा गल्ला कागदावर ४,५०० ने कमी आला: फ्लोट १०,०००, जमा २,१०० आणि वरची ४,५००, असायला हवे १६,६००, मोजले १२,१००. संध्याकाळी ४,५०० जास्त, रात्री ४,५०० कमी. हे दोन आकडे दोन वेगळ्या रिपोर्टवर छापले जातात. ते एकाच पैशाच्या दोन सावल्या आहेत हे गोषवाऱ्याखेरीज कुठेही दिसणार नाही.

पाकीट रात्री उघडून ४,५०० काढून घेणं हा सोपा मार्ग होता, आणि तो घ्यायचा नाही. सील पाकीट कॅशियर आणि साक्षीदार अशा दोघांसमोरच उघडतं. दोन्ही तफावती तशाच नोंदवून सकाळपर्यंत थांबणं जास्त सुरक्षित.

१३ जून

कालच्या घटनेचा गोषवारा जुन्या चौकटीत लिहिला असता तर तो असा झाला असता: "नो-शो ०. रूम चेंज ०. कॅश: संध्याकाळ +४,५००, रात्र −४,५००." सगळं खरं, आणि सकाळी कोणालाही उपयोग नाही. नव्या पद्धतीने लिहिलेला परिच्छेद इथे उतरवून ठेवतो:

"३०९ (आधी २१४). कंपनीचं बुकिंग, दर ४,२००, बिल कंपनीला. पाहुणा ९:४४ ला आला, बुकिंग न सापडल्याने वॉक-इन झाला, ४,५०० रोख ॲडव्हान्स दिला. २१४ च्या बाथरूममध्ये छतातून गळती, १०:४० च्या सुमारास ३०९ मध्ये हलवला. रूम चेंजऐवजी चेक-आउट व नवं चेक-इन झालं. २१४ वर ४,५०० चा रिफंड दिसतो, तो प्रत्यक्ष दिलेला नाही.
रात्री केलं: बुकिंग ३०९ ला जोडलं, नो-शो चार्ज लावला नाही, ४,५०० रात्रपाळीच्या लॉगिनवर जमा.
पैसा कुठे आहे: संध्याकाळच्या सील पाकिटात, २५,५०० मध्ये धरून. संध्याकाळ +४,५०० आणि रात्र −४,५०० एकत्र वाचावं, निव्वळ फरक शून्य.
सकाळी करायचं: (१) पाहुण्याला उठवलेलं नाही, चेक-आउटच्या आधी त्याला ४,५०० परत द्यायचे की त्याच्या खासगी खर्चापोटी ठेवायचे ते मॅनेजरने ठरवावं. (२) पाकीट साक्षीदारासमोर मोजावं. (३) २१४ बंद ठेवली आहे, प्लंबरला कळवलेलं नाही. (४) २१४ ची दोन कार्डं परत आलेली नाहीत."

यात जी गोष्ट लिहिताना नकोशी वाटते तीच सगळ्यात कामाची आहे: काय केलेलं नाही. "पाहुण्याला उठवलेलं नाही", "प्लंबरला कळवलेलं नाही". सकाळचा मॅनेजर एरवी गृहीत धरतो की रात्रीच कळवलं असेल, आणि २१४ दुपारपर्यंत गळत राहते.

दोष कोणाचा हे गोषवाऱ्यात लिहायचं नाही, असंही ठरवलं. लॉगिन आणि वेळ नोंदीत आहेतच. रात्री दोन वाजता लिहिलेलं मत सकाळी फाइलमध्ये जातं आणि कायम राहतं. ते तिथे शोभत नाही.

१८ जून

कॅशच्या तफावतीची तपासणी कोणत्या क्रमाने करायची, हे अनुभवाने बदलत चाललं आहे. आज पक्का केलेला क्रम असा.

आधी गल्ला दुसऱ्या माणसाने पुन्हा मोजायचा, नोटांची फोड लिहून. एकूण आकडा लिहून उपयोग नाही. फोड असेल तरच "पाचशेच्या बंडलात एक कमी" असं नंतर कळू शकतं.

मग दिवसाचे रोख रिफंड आणि पेड-आउट. हे संख्येने थोडे असतात, म्हणून लवकर तपासून होतात, आणि चूक बहुतेक वेळा इथेच सापडते. प्रत्येकावर पैसे घेणाऱ्याची सही हवी. सही नसेल तर पैसे खरंच गेले का, हा पहिला प्रश्न.

त्यानंतर कार्डाची बाजू. कार्डाने घेतलेलं पेमेंट चुकून "रोख" म्हणून टाकलं, तर गल्ला तेवढ्याने कमी आणि कार्ड मशीन तेवढ्याने जास्त दिसतं. दोन्ही बाजूंना एकच आकडा उलट चिन्हाने मिळाला की शोध संपला. पण इथे एक सापळा आहे. काही कार्ड मशीन ठरलेल्या वेळी, बरेचदा मध्यरात्री, आपोआप बॅच बंद करतात, आणि हॉटेलचा दिवस मात्र दोन-तीन वाजता बंद होतो. मधल्या वेळेतली पेमेंट मशीनच्या पुढच्या बॅचमध्ये जातात. बॅचच्या बेरजेशी तुलना केली की नसलेली तफावत दिसते. त्यामुळे बेरजेवर न थांबता एकेका स्लिपची वेळ पाहायची.

मग तफावतीचा निम्मा आकडा शोधायचा. ६०० चं पेड-आउट चुकून जमा म्हणून टाकलं, तर सिस्टिमला ६०० जास्त हवे असतात आणि गल्ल्यात ६०० कमी असतात, म्हणजे १,२०० चा फरक. तफावत १,२०० ची असली की नोंदींत ६०० शोधायचे. नऊची कसोटी यानंतर.

या सगळ्याला वीस मिनिटांची मर्यादा घातली आहे. तेवढ्यात नाही सापडलं तर तफावत आहे तशी लिहायची आणि कोणकोणत्या पायऱ्या झाल्या ते एका ओळीत: "फोड दोनदा, रिफंड १, पेड-आउट ३, कार्ड स्लिपा ११ जुळल्या, निम्मा आकडा नाही." एवढी ओळ असली की सकाळचा माणूस थेट पाचव्या पायरीपासून सुरू करतो.

एका गोष्टीवर अजिबात सूट नाही. काल २०० जास्त आणि आज २०० कमी असेल तर दोन्ही नोंदवायचे, वजावट करून शून्य दाखवायचं नाही. खिशातून भर घालायची नाही, जास्तीचे पैसे उद्याच्या कमीसाठी ड्रॉवरच्या कोपऱ्यात ठेवायचे नाहीत. १२ तारखेला संध्याकाळच्या क्लार्कने ते ४,५०० बाजूला ठेवले असते, तर गल्ला बरोबर दिसला असता, रिफंडकडे कोणी पाहिलं नसतं, आणि खोलीत झोपलेल्या पाहुण्याच्या कंपनीला नो-शोचं बिल गेलं असतं.

२४ जून

नव्या पद्धतीचे बारा दिवस झाले. दोन गोष्टी नीट चालत नाहीत.

पहिली, गोषवारा लांबत चालला आहे. सरळ झालेले रूम चेंज आणि चार्ज व्यवस्थित बसलेले नो-शो यांनाही परिच्छेद मिळायला लागले. ते कमी केले: सिस्टिममध्ये पूर्ण झालेलं आणि सकाळी काही करायचं नसलेलं सगळं शेवटी एका ओळीत, फक्त खोली क्रमांक. परिच्छेद फक्त अशा घटनेला जिच्यात सकाळी कोणाला तरी हात घालावा लागेल.

दुसरी, परिच्छेदांचा क्रम. खोली क्रमांकाप्रमाणे लावले तर ६ वाजता निघणारा पाहुणा तळाशी जातो. आता क्रम वेळेप्रमाणे: ज्याचं चेक-आउट सगळ्यात आधी, तो वर. पहाटे निघणाऱ्यांचा मजकूर फक्त मॅनेजरसाठी नको, तो रिसेप्शनलाही तोंडी सांगायचा, कारण मॅनेजर ७ वाजता येतो.

नो-शोच्या चार्जबद्दलही एक दुरुस्ती. तो रूम भाड्याच्या कोडवर टाकला जात होता. त्यामुळे ज्या खोलीत कोणी झोपलंच नाही तिचं भाडं दिसायचं, आणि विकलेल्या खोल्यांची संख्या आणि भाड्याची बेरीज यांचा मेळ बसायचा नाही. आता नो-शोचा वेगळा कोड. कार्ड नाकारलं गेलं असेल तर पुन्हा पुन्हा प्रयत्न करायचा नाही. किती वाजता नाकारलं आणि मशीनवर कोणता संदेश आला ते लिहून पुढचा निर्णय सकाळवर.

१ जुलै

एकाहून जास्त रात्रींच्या नो-शोचा नियम आज लिहून काढला, कारण इथे सिस्टिम माणसाच्या आधी निर्णय घेते. तीन रात्रींचं बुकिंग आणि पाहुणा पहिल्या रात्री आला नाही, तर डे-क्लोजला पूर्ण बुकिंगच नो-शो होतं आणि उरलेल्या दोन रात्रींसाठी ती खोली विक्रीला मोकळी होते. पाहुणा विमान चुकल्यामुळे सकाळी दहाला आला, की त्याच्या हातात कन्फर्मेशन असतं आणि खोली कदाचित दुसऱ्याला गेलेली असते.

म्हणून गॅरंटीड आणि एकाहून जास्त रात्रींचं प्रत्येक नो-शो गोषवाऱ्यात परिच्छेद घेऊनच येईल, चार्ज नीट बसला असला तरी. त्यात चार गोष्टी: उरलेल्या रात्री, पहिल्या रात्रीचा चार्ज लावला की नाही, पाहुण्याला किती वाजता फोन किंवा मेसेज केला आणि उत्तर आलं का, आणि त्या प्रकारच्या किती खोल्या आज मोकळ्या आहेत. बुकिंग परत सुरू करायचं की सोडून द्यायचं, हा निर्णय मॅनेजरचा. पण तो ९ च्या आत व्हायला हवा, म्हणून ही वेळ परिच्छेदाच्या सुरुवातीलाच लिहायची. एजंटकडून आलेलं बुकिंग असेल तर तिथे नो-शो कळवलंय की नाही तेही लिहायचं. एकदा कळवल्यावर ते मागे घ्यायला एजंटशी बोलावं लागतं, त्यामुळे पाहुण्याशी संपर्क होण्याची शक्यता असेपर्यंत रात्री कळवायचं नाही.

२१४ ची कार्डं अजून आलेली नाहीत. गळती दुरुस्त झाल्यावर खोली विक्रीला काढण्याआधी नवं कार्ड बनवून दाराला लावायचं, ही ओळ गोषवाऱ्यात रोज पुढे नेली जात आहे आणि काम होईपर्यंत नेली जाईल.